विहीर खोल, दोराला बोल: हिला म्हण म्हणावं का?

ओवी: एआयकडून दहा नव्या म्हणी लिहून घेतल्या. पूर्ण अशी एकही आवडली नाही, पण दोन ओळी अर्ध्या-अर्ध्या आवडल्या.

'विहीर खोल असेल तर दोर लांब हवा, यश हवे तर संयम हवा.'

'मेहनतीशिवाय फळ मिळत नाही, रिकामी घागर दोराला बोल लावते.'

पहिलीतलं चित्र चांगलं आहे, पण उत्तरार्ध त्याच चित्राचं निरूपण करत बसतो. दुसरीत उलट आहे, तिथे आधी उपदेश आणि मग चित्र. मी दोन्ही चित्रं ठेवली, उपदेश काढला आणि क्रियापदंही गाळली. उरलं ते असं: 'विहीर खोल, दोराला बोल.' ही म्हण म्हणून चालेल का? आणि हिचा अर्थ नेमका काय लागतो?

मात्रा: कानाला छान लागते. खोल-बोल यमक चोख आहे. पण अर्थ म्हणाल तर 'नाचता येईना अंगण वाकडे'. जुनी असताना नवी कशाला?

रानवाट: विहिरीत सहसा घागर सोडत नाहीत हो, पोहरा सोडतात. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' आठवा. घागर काठावर असते, पोहऱ्यातलं पाणी तिच्यात ओततात. तेवढं दुरुस्त करा.

ओवी: रानवाट, जोडलेल्या ओळीत घागर नाहीच. पण तुमच्यामुळे एक कळलं. घागर मी फक्त लांबी कमी करायला काढली होती, तिच्याबरोबर ती चूकही गेली.

जुना वाचक: मात्रा, यमकाचं पटलं, अर्थाचं नाही. अंगणाच्या म्हणीत उणेपणा नाचणाऱ्याचा असतो आणि तो लपवायला तो अंगणाला नावं ठेवतो. इथे कोणाचंच कसब उणं नाही. पाणीच खोल आहे. काम मुळात अवघड, आणि रोष मात्र ज्याच्या आधाराने ते करायचं त्याच्यावर. हा अर्थ वेगळा आहे. गंमत म्हणजे तो मूळच्या दोन्ही ओळींत नव्हता. पहिली संयमाबद्दल होती, दुसरी आळशाबद्दल. हा तिसरा अर्थ सांध्यातून आला. सांधा जमला की नाही हे मी यावरूनच ठरवतो. दोन अर्ध्यांची नुसती बेरीज झाली असेल तर जोड वाया गेली.

लेखनिक: माझ्यावर हे प्रत्यक्ष आलंय. मी मुद्रितं तपासते. तीनशे पानं दोन दिवसांत मागितली आणि चुका राहिल्या तेव्हा ऐकून मलाच घ्यावं लागलं. 'अंगण वाकडे' मला तिथे म्हणता आलं नसतं, कारण ती उलटी माझ्याच अंगावर आली असती. ही ओळ बरोबर बसते.

मात्रा: ठीक, अर्थाचं मागे घेतो. मग माझीही जोड बघा. एका ओळीत 'सूर्य कलला की सावली लांब' होतं, दुसरीत 'गाढव आरशाला लाथ मारतं'. त्यातून 'सावली लांब, आरशाला लाथ.' नादात तर ओवींच्या ओळीपेक्षा सरस आहे.

जुना वाचक: नाद आहे, पण सावली कोणाची आणि लाथ कोण मारतंय? विहीर आणि दोर एकाच काठावरचे आहेत, एक म्हटलं की दुसरा आपोआप दिसतो. सावली आणि आरसा एकत्र दिसायला आधी गोष्ट सांगावी लागेल. यमक-अनुप्रास जमला की अर्थही जमला असं वाटतं, म्हणून मी अशी ओळ आधी एखाद्या वाक्याच्या शेवटी ठेवून बघतो. 'एवढं मोठं काम एकट्यावर टाकलं आणि आता त्यालाच बोलताय? विहीर खोल, दोराला बोल.' न थांबता कळतं. तुमच्या ओळीच्या आधी कुठलं वाक्य येईल?

मात्रा: बराच वेळ शोधलं. सापडलं नाही.

लेखनिक: एक शंका. 'खोल' हे 'उघड' या अर्थी आज्ञार्थ म्हणून वाचलं जाणार नाही का? आणि 'बोल' पण. 'विहीर खोल, दोराला बोल' अशा दोन आज्ञा वाटतात.

ओवी: हे लक्षात आलं नव्हतं. 'बोल'चं चालेल, कारण 'त्याला बोल' म्हणजे 'त्याला रागव' हाही अर्थ इथे लागू पडतो. 'खोल'ची अडचण खरी आहे. 'पाणी खोल, दोराला बोल' केलं तर?

रानवाट: पाणी नदीचंही असतं. विहीर गेली तर दोर कशाला ते कळणार नाही. विहीरच राहू द्या. ऐकताना विहिरीपुढे 'खोल' म्हणजे 'उघड' असं कोणाच्या मनात येत नाही.

जुना वाचक: सहमत. 'दोरास' करून एक मात्रा वाचवण्याचा मोहही टाळा. बोलताना आपण 'दोराला'च म्हणतो. फक्त दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश एकदा चाळा. यंत्राने दिलेला तुकडा आधीच कुठली तरी म्हण असू शकतो.

मात्रा: आणि नसेल तरी तिला 'म्हण' म्हणायचं का? लोक म्हणतात ती म्हण. ही अजून एकटीने रचलेली ओळ आहे.

लेखनिक: मी काल कामावर म्हटली. समोरच्याने अर्थ विचारला नाही.

मात्रा: एकाने विचारला नाही, एवढ्यावर मी अजून 'ओळ'च म्हणेन.