काळी, हिरवी आणि पांढरी मिरी: वेल एकच की तीन?

स्नेहल (ए-२०३): एक शंका आहे. सूपसाठी पांढरी मिरी आणली, ती काळीपेक्षा बरीच महाग पडली. दुकानदार म्हणाला, हे झाडच वेगळं. त्यात आज भाजीवाल्याकडे हिरव्या मिरीचे घोस दिसले. ही तीन वेगळी झाडं आहेत का?

अमेय (सी-५०१): मला तरी वेगळीच वाटतात. पांढरीला एक कुबट, गोठ्यासारखा वास येतो. काळीला तसा कधीच येत नाही.

परब काकू (बी-४०२): स्नेहल, तिन्ही एकाच वेलीची. माझ्या माहेरी कुडाळजवळ सुपारीच्या बागेत मिरवेली आहेत, पोफळीवर चढवलेल्या. पावसाच्या सुरुवातीला तुरे येतात आणि दाणे तयार व्हायला पौष-माघ उजाडतो. एकाच वेलीवरून, अगदी एकाच घोसातून तिन्ही रंग काढता येतात. फरक दोनच गोष्टींचा. दाणा किती पिकल्यावर तोडला, आणि तोडल्यावर त्याचं काय केलं.

परब काकू (बी-४०२): पटत नसेल तर आत्ता डब्यातला काळ्या मिरीचा एक दाणा सुरीने मधोमध फोडून बघ. काळं फक्त वरचं सुरकुतलेलं साल आहे, आतला गर पांढरट निघेल. पांढरी मिरी म्हणजे साल काढलेला तो आतला दाणा.

स्नेहल (ए-२०३): फोडला. खरंच आत पांढरा आहे! म्हणूनच मिरपूड पूर्ण काळी न दिसता करडी दिसते का?

परब काकू (बी-४०२): हो, सालाचे काळे कण आणि गराचे पांढरे कण मिसळलेले असतात.

कुलकर्णी आजी (ए-१०१): मग हिरवा दाणा काळा कसा होतो? उन्हाने करपतो का? आमच्याकडे मिरी कायम वाण्याकडून आली, वेल कधी पाहिली नाही.

परब काकू (बी-४०२): नाही आजी, करपत नाही. घोसातले एक-दोन दाणे पिवळे-तांबडे व्हायला लागले की घोस तोडायचा. बाकीचे दाणे तेव्हा हिरवेच असतात, पण पूर्ण भरलेले. मग दाणे सुटे करायचे, जाळीच्या टोपलीत घालून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवायचे आणि निथळून उन्हात पसरायचे. पाण्यातून काढल्यावर थोड्याच वेळात रंग पालटायला लागतो. उन्हाने दाणा वाळतो, पण काळेपणा आतून येतो. त्यामागचं रसायन जोशी सर नीट सांगतील.

जोशी सर (बी-६०४): सांगतो. मिरीच्या हिरव्या सालात फिनॉल गटातली द्रव्यं असतात आणि त्यांच्याशी हवेतल्या ऑक्सिजनचा संयोग घडवणारं एक विकर असतं. दाणा धडधाकट असेपर्यंत दोघं पेशीत वेगवेगळ्या जागी असतात. पेशी फुटल्या की एकत्र येतात आणि तपकिरी-काळं रंगद्रव्य तयार होतं. सफरचंद कापून ठेवलं की तांबूस पडतं, तीच ही क्रिया.

उकळत्या पाण्यातल्या त्या एका मिनिटाने सालाच्या पेशी फुटतात, म्हणून सगळे दाणे सारखे काळे होतात आणि लवकर वाळतात. वरची धूळमातीही जाते. पाण्यात न बुडवता वाळवली तरी मिरी काळी होतेच, पण आठवडा-दहा दिवस लागतात आणि रंग एकसारखा येत नाही. बुडवलेली मिरी कडक उन्हात तीन-चार दिवसांत वाळते.

अमेय (सी-५०१): मग एक मिनिटच का? पाच मिनिटं उकळली तर आणखी काळी होईल ना?

जोशी सर (बी-६०४): उलटं होईल. विकर हे प्रथिन आहे, जास्त वेळ उष्णता लागली की ते निकामी होतं. मग पेशी फुटल्या तरी रंग बनवणारंच कोणी उरत नाही आणि दाणे मळकट तपकिरी राहतात.

हिरवी मिरी वाळवूनही हिरवी राहते ती याच कारणाने. कारखान्यात हिरवा दाणा मुद्दाम जास्त वेळ गरम करतात, म्हणजे विकर पूर्ण मरतं. मग लगेच गार करून रंग टिकवण्यासाठी सल्फाइटच्या द्रावणात ठेवतात आणि ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वाळवतात. त्याहून जास्त तापवलं तर वासाचं तेल उडतं. म्हणजे एकाच हिरव्या दाण्याला उष्णता थोडी दिली तर काळी मिरी होते आणि पुरेशी देऊन विकर मारलं तर हिरवी टिकते.

कुलकर्णी आजी (ए-१०१): आणि लोणच्यातली हिरवी मिरी?

परब काकू (बी-४०२): ती कोवळीच घ्यायची आजी, आतली बी टणक व्हायच्या आधी. धुऊन, पुसून, मीठ आणि भरपूर लिंबाचा रस. दाणे रसात पूर्ण बुडालेले हवेत. वर राहिलेले काळे पडतात.

जोशी सर (बी-६०४): आंबट रसात ते विकर चालत नाही, आणि बुडालेल्या दाण्याला हवाही मिळत नाही. काही आठवड्यांनी हिरवा रंग शेवाळी होईल, तो मात्र थांबत नाही. आंबटामुळे हरितद्रव्य बदलतं. लोणचं बिघडलं असं समजू नये.

स्नेहल (ए-२०३): आता पांढरीचं सांगा, आणि तिच्या वासाचं. अमेय म्हणतोय तो वास माझ्या पाकिटालाही आहे.

परब काकू (बी-४०२): पांढरीसाठी घोस वेलीवर लाल होईपर्यंत ठेवावे लागतात, कारण पिकलेल्या दाण्याचं साल मऊ पडतं. लाल दाणे गोणपाटात बांधून सात-आठ दिवस पाण्यात ठेवायचे. साल कुजून सैल झालं की हाताने किंवा पायाने चोळून काढायचं, आतले दाणे स्वच्छ धुवायचे आणि वाळवायचे.

सगळं अवलंबून आहे ते पाण्यावर. आमच्याकडे वहाळाच्या वाहत्या पाण्यात गोण बांधून ठेवतात, तेव्हा वास जवळपास येत नाही. टाकीच्या साचलेल्या पाण्यात तेच केलं आणि पाणी बदललं नाही, की घाण वास दाण्यात मुरतो. मग कितीही धुवा, कितीही वाळवा, जात नाही.

जोशी सर (बी-६०४): बरोबर. साचलेल्या पाण्यात हवा संपते, हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि क्रेसॉल, स्कॅटोल अशी द्रव्यं तयार करतात. गोठ्याच्या वासात हीच असतात. अमेयने वास अचूक ओळखला, पण तो मिरीचा नाही, कुजवण्याच्या पद्धतीचा आहे. चांगल्या पांढऱ्या मिरीला सौम्य, स्वच्छ वास असतो. पाकीट उघडताच गोठा आठवला तर पुढच्या वेळी दुसरीकडून घ्या.

अमेय (सी-५०१): आणि महाग का?

परब काकू (बी-४०२): वजनात मार खातो रे. शंभर किलो ताज्या दाण्यांची काळी मिरी साधारण तेहतीस किलो होते. पांढरी पंचवीसच्या आसपास, कारण साल गेलं. शिवाय दाणे लाल होईपर्यंत थांबायचं, तोवर पाखरं खातात, पिकलेले दाणे गळतात. वर आठवडाभर पाणी आणि चोळायची मजुरी. इतकं करून भावात फार फरक मिळणार नसेल तर शेतकरी काळीच करतो. आमच्याकडेही बहुतेक काळीच होते.

नंदिनी (सी-३०२): स्वयंपाकात काही फरक पडतो का? मी व्हाइट सॉसमध्ये काळीच घालते.

जोशी सर (बी-६०४): पडतो. तिखटपणा देणारं पायपरीन मुख्यतः आतल्या गरात असतं, म्हणून पांढरी तिखट लागतेच. सुगंधी तेल मात्र बरंचसं सालाच्या भागात असतं आणि ते सालाबरोबर जातं. त्यामुळे काळीचा दरवळ पांढरीला नाही. सॉसमध्ये काळे ठिपके नको असतील तर पांढरी घ्या. रस्सम, सार, काढा यांत पांढरी घातली तर तिखट लागेल पण वास येणार नाही. माझं मत विचाराल तर रोजच्या स्वयंपाकाला काळीच.

नंदिनी (सी-३०२): आणि चार रंगांच्या मिरीची बाटली मिळते, त्यातली गुलाबी? ती पिकलेली लाल मिरी का?

जोशी सर (बी-६०४): नाही. हिरवी, काळी, पांढरी एकाच वेलीची, पण त्या बाटलीतला गुलाबी दाणा सहसा दुसऱ्याच झाडाचा असतो, दक्षिण अमेरिकेतल्या. ते झाड काजू-आंब्याच्या कुळातलं आहे. हलका, पोकळ, बोटाने चुरडला जाणारा दाणा दिसला की समजावं. तुमच्या ईशानला काजूची अ‍ॅलर्जी आहे ना? मग ती बाटली घरात नकोच. वेलीवरची खरी लाल मिरी क्वचितच विकायला येते, कारण पिकलेलं साल फार टिकत नाही.

नंदिनी (सी-३०२): बरं झालं विचारलं. बाटली आजच काढून टाकते.

स्नेहल (ए-२०३): काकू, भाजीवाल्याकडून हिरवी मिरी आणून काळी घरी करता येईल का? आणि माझ्याकडच्या काळीची पांढरी?

परब काकू (बी-४०२): दुसरं आधी सांगते. काळी रात्रभर पाण्यात भिजवून साल चोळलंस तर निघेल थोडंफार, पांढरट दाणा हाती येईल. पण कष्ट फार, आणि सुगंध फेकून दिल्यासारखं. नको करूस.

काळी मात्र जरूर कर. एक किलो सुटे दाणे घेतलेस तर तीनशे ग्रॅमच्या वर मिरी होईल. आधी दाणा दाताखाली धरून बघ, आत टणक लागला तर घे. पाणचट असेल तर कोवळा आहे, वाळून पोचट होईल. तो लोणच्याला चांगला. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळा उकळव. चाळणीत एका वेळी थोडेच दाणे घालून मिनिटभर बुडव, जास्त घातलेस तर पाणी निवतं. मग गच्चीवर स्वच्छ कापडावर एकेरी थरात पसर आणि दिवसातून तीन-चारदा हलव. संध्याकाळी घरात आण, दव लागता कामा नये.

स्नेहल (ए-२०३): वाळली हे कसं ओळखायचं?

परब काकू (बी-४०२): मुठीत घेऊन हलवली की खडखड वाजते. दाणा चावला तर कट्कन तुटतो, दबत नाही. ओलसर भरलीस तर डब्यात आठवडाभरात करडी बुरशी धरेल. बुरशी आली तर धुऊन पुन्हा वाळवू नकोस, सगळी टाकून दे. मध्येच आभाळ आलं तर पंख्याखाली पसरून ठेव, ऊन पडलं की पुन्हा गच्चीवर. घट्ट झाकणाच्या बरणीत अख्खीच ठेव आणि लागेल तेवढीच कूट.

कुलकर्णी आजी (ए-१०१): स्नेहल, भाजीवाल्याकडे जाशील तेव्हा माझ्यासाठी पाव किलो कोवळी आण. लिंबं आहेत घरात.