मदत हवी आहे: सोलर टेक्निशियनच्या बायोडेटात नेमके काय लिहावे?

गोदाकाठ: मी तीन वर्षे सोलर बसवण्याचे काम करत आहे आणि आता पुण्यातील एका मोठ्या कंपनीत टेक्निशियनच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. बायोडेटात मी ‘२१० किलोवॅटचे काम, साइट सर्व्हे, विद्युत सुरक्षा आणि कमिशनिंगचा अनुभव’ असे लिहिले होते, परंतु दोन ठिकाणांहून काहीही उत्तर आले नाही. मुदत सोमवारी संपते, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

सह्याद्री_वारा: २१० किलोवॅट म्हणजे कशाची बेरीज आहे? घरांच्या छतावरील कामे किती, कारखान्याचे किती, आणि त्यांत आपण स्वतः काय केले, हे कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे.

गोदाकाठ: ४२ घरे, प्रत्येकी ३ ते ५ किलोवॅट, मिळून साधारण १५० किलोवॅट. उरलेले ६० किलोवॅट एका कारखान्याचे आहे. तिथे मी फक्त सांगाडा उभारला आणि केबल ओढली. इन्व्हर्टर कंपनीच्या अभियंत्याने सुरू केला.

पठारे_काका: माझ्या मते २१० हाच आकडा वर ठळक ठेवावा. मोठा आकडा पाहूनच बोलावतात, तपशील मुलाखतीत सांगता येतो. माझ्या पुतण्याला असेच काम मिळाले.

सह्याद्री_वारा: पठारे काका, क्षमता सर्वांत आधी लिहावी एवढे आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु बेरीज एकत्र करणे योग्य नाही. मुलाखतीत पहिलाच प्रश्न ‘साठ किलोवॅटमध्ये स्ट्रिंग किती होत्या?’ असा आला, तर केबल ओढणारा माणूस अडखळेल आणि त्याच्या ४२ घरांवरचाही विश्वास उडेल. कारखान्याची ओळ वेगळी करून ‘सांगाडा व केबलिंग’ असे स्पष्ट लिहावे. दुसरे असे की क्षमता पॅनेलची आहे की इन्व्हर्टरची, तेही नोंदवावे. ५४० वॅटची दहा पॅनेल आणि ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर असेल, तर एकाच कामाचे ५.४ आणि ५ असे दोन आकडे होतात.

नवे_छत: माझ्या घराच्या छतावर पाण्याच्या टाकीची सावली पडते. तीन किलोवॅट बसेल का, आणि अनुदान मिळेल का?

सह्याद्री_वारा: आपण वेगळा धागा काढावा, तिथे नक्की बोलू. गोदाकाठ यांनी मात्र हा प्रश्न लक्षात घ्यावा, कारण साइट सर्व्हे म्हणजे हेच: टाकी, कठडा आणि शेजारची इमारत यांची सावली कुठल्या वेळी कुठे जाते, मंजूर भार किती आहे, केबल कुठून उतरेल. आपण हे पाहून पॅनेलची जागा कधी बदलली होती का?

गोदाकाठ: हो, एका घरी दुपारी तीननंतर टाकीची सावली शेवटच्या दोन पॅनेलवर येत होती, म्हणून मी रांग पूर्वेकडे सरकवली. कमिशनिंगमध्ये व्होल्टेज आणि पोलॅरिटी मोजतो, मेगर लावतो, अर्थिंग तपासतो आणि मग इन्व्हर्टर सुरू करतो. एकदा मीटरवर उणे चिन्ह आले. इन्व्हर्टरला जोडण्याआधीच लक्षात आले की केबलचे एमसी-४ जोड उलटे बसवले गेले होते.

सह्याद्री_वारा: मग हेच आपल्या बायोडेटात का नाही? ‘कमिशनिंगचा अनुभव’ या दोन शब्दांत ते सगळे हरवले आहे. एक सावधगिरीही बाळगावी. माहितीपत्रकानुसार दहा पॅनेलचे ओपन सर्किट व्होल्टेज ४९५ असेल, तरी उन्हात ६० अंशांपर्यंत तापलेल्या पॅनेलवर ते साडेचारशेच्या आसपास येते. भर दुपारची नोंद म्हणून कुणी ४९५ लिहिले, तर आकडा मोजलेला नसून माहितीपत्रकातून उतरवलेला आहे, हे जाणकाराला लगेच कळते.

विजेरी: सुरक्षेबद्दल ‘सर्व नियम पाळले’ असे लिहू नये. बंद करताना आधी एसी, मग डीसी आयसोलेटर, आणि भार चालू असताना एमसी-४ कधीही न सोडणे, हे लिहावे. भारावर सोडलेल्या जोडातून डीसीची ठिणगी विझत नाही. छताच्या कडेला हार्नेस वापरत असाल तर तेही. तारतंत्री परवाना आहे का?

गोदाकाठ: आयटीआय तारतंत्री आहे, परवाना अजून नाही. ते लिहू की वगळू?

पठारे_काका: वगळा. विचारले तर सांगा.

विजेरी: मी असहमत आहे. परवाना नसताना जोडणी स्वतः केली असे लिहिले, तर ती कुणाच्या देखरेखीखाली केली, हे विचारले जाणारच. ‘आयटीआय तारतंत्री, परवानाधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली काम’ असे लिहिणे बरे, अर्थात ते खरे असेल तर.

गोदाकाठ: पर्यवेक्षक सुरुवातीच्या वर्षी रोज येत असत, नंतर फक्त शेवटच्या दिवशी. आता पहिली ओळ अशी केली आहे: ‘घरगुती छत प्रकल्प ४२, प्रत्येकी ३ ते ५ किलोवॅट (इन्व्हर्टर क्षमता); सावलीसह साइट सर्व्हे, स्ट्रिंग व्होल्टेज व पोलॅरिटी, मेगर व अर्थिंग चाचणी.’ खाली ‘कारखाना ६० किलोवॅट: सांगाडा व केबलिंग’.

सह्याद्री_वारा: ही ओळ चांगली आहे. टाकीच्या सावलीचे आणि उलट्या जोडाचे उदाहरण प्रत्येकी एका वाक्यात जोडावे. देखरेखीचे शब्द मात्र आधी त्या पर्यवेक्षकांना विचारूनच लिहावेत, कारण कंपनी त्यांना फोन करेल.