छाटणी आणि माघार: चार वजिरांच्या कोड्यात एक शब्द पुरेल का?

मंजिरी
अल्गोरिदमच्या टिपणात मी बॅकट्रॅकिंगला ‘माघार’ आणि प्रूनिंगला ‘छाटणी’ म्हटलंय. तपासणाऱ्यांचा शेरा आला: ‘दोन्ही एकच, एक शब्द काढा.’ उदाहरण चार वजिरांचं आहे. चार बाय चारच्या पटावर चार वजीर असे मांडायचे की कुणीच कुणाच्या माऱ्यात येऊ नये. तर इथे खरंच दोन शब्द लागतात का?

घोडेस्वार
आधी सांगा, वजीर पांढरे की काळे? एकाच रंगाचे असतील तर ते एकमेकांना मारतच नाहीत. आणि डावात एकाच रंगाचे चार वजीर आणायचे तर निदान तीन प्यादी शेवटच्या घरापर्यंत न्यावी लागतील.

मंजिरी
अहो, डाव नाहीये हा. रंग नाही, राजा नाही, खेळीही नाही. आडव्या, उभ्या किंवा तिरक्या रेषेत दोन वजीर नकोत, एवढंच.

सुहास
माझ्या मते शेरा बरोबर आहे. मागे फिरलो म्हणजे ती फांदी सोडली, आणि फांदी सोडली म्हणजेच छाटली. माघार घेतो म्हणून तर काम वाचतं, नाहीतर दर ओळीत एक वजीर धरूनसुद्धा 256 मांडण्या तपासत बसावं लागेल.

पद्मजा
सुहास, 256 चा आकडा बरोबर, पण वाचवण्याचं श्रेय तुम्ही भलत्यालाच दिलंत. हातानेच करून बघू या. पहिल्या ओळीतला वजीर 1 नंबरच्या स्तंभात ठेवा. दुसऱ्या ओळीत 1 चालत नाही, कारण तोच स्तंभ. 2 चालत नाही, कारण तिरकी रेषा. या दोन घरांत आपण वजीर ठेवतच नाही, ही झाली छाटणी. अजून मागे कुठेच फिरलेलो नाही, हे लक्षात घ्या.

आता 3 वर ठेवा. तिसऱ्या ओळीत 1 आणि 3 स्तंभामुळे गेले, 2 आणि 4 दुसऱ्या ओळीतल्या वजिराच्या तिरक्या रेषेत आले. चारही घरं बाद. आता दुसऱ्या ओळीतला वजीर उचलून 4 वर न्यावा लागतो, ही माघार. मग तिसऱ्या ओळीत फक्त 2 मोकळं सापडतं, आणि चौथ्या ओळीत पुन्हा काहीच नाही: 1, 2 आणि 4 हे स्तंभ भरलेले, 3 तिरका लागतो. इथून थेट पहिल्या ओळीपर्यंत माघार, कारण वाटेत कुठेच दुसरं घर शिल्लक नाही. पहिला वजीर 2 वर गेला की मात्र 2-4-1-3 अशी सरळ मांडणी लागते.

म्हणजे छाटणी ‘पुढे जायचं नाही’ हे ठरवताना होते आणि माघार ‘पुढे जायला काही उरलं नाही’ तेव्हा. मंजिरी, दोन्ही शब्द ठेवा.

सुहास
पण शेवटी परिणाम एकच ना? काही न छाटता नुसती माघार कोण घेतं?

ओंकार
मी घेतो बहुतेक 🙂 हा माझा कोड. दोन्ही उत्तरं बरोबर येतात, पण फंक्शन 341 वेळा चालतं. पुस्तकात 17 दिलंय. मागे फिरणं तर यात आहेच, मग बिघडलंय कुठे?

```python
def place(row, cols):
    if row == 4:
        if valid(cols): print(cols)
        return
    for c in range(1, 5):
        place(row + 1, cols + [c])

place(0, [])
```

पद्मजा
सुहास, घ्या तुमचं उत्तर. ओंकारच्या कोडमध्ये माघार भरपूर आहे, छाटणी शून्य. तपासणी चौथा वजीर ठेवल्यावर होते, त्यामुळे पहिले दोन वजीर एकाच स्तंभात असले तरी खालचं सगळं झाड उभं राहतं. रिकाम्या पटाचा 1 नोड, मग 4, 16, 64, 256, मिळून 341. तपासणी वर आणा:

```python
    for c in range(1, 5):
        if safe(cols, c):
            place(row + 1, cols + [c])
```

आता पातळीगणिक 1, 4, 6, 4, 2 नोड राहतात, बेरीज 17. `row == 4` झाल्यावर `valid` ची गरजच उरत नाही, तिथे पोचलेली मांडणी बरोबरच असते. ओळखायची खूणही सोपी आहे. उत्तरं दोन्ही कोडमध्ये सारखीच येतात, म्हणून उत्तरं बघून काही कळणार नाही. फंक्शनच्या आत मोजणी ठेवायची.

खरी गंमत 341 मधून 17 कसे उरले यात आहे. घर नाकारण्याची वेळ एकूण 44 वेळा येते. त्यातली दुसऱ्या ओळीत फक्त 10. पण तिथलं एक घर नाकारलं की तो नोड, त्याखालचे 4 आणि त्याखालचे 16, असे 21 जातात, म्हणजे दहा नकारांत 210. तिसऱ्या ओळीत 20 नकार, प्रत्येकी 5 नोड, म्हणून 100. चौथ्या ओळीत 14 नकार आणि नोडही 14च. फांदी बुंध्याजवळ कापली तर डहाळ्या वेगळ्या तोडाव्या लागत नाहीत, तसंच हे.

सुहास
हं. म्हणजे किती वेळा नाकारलं यापेक्षा किती वर नाकारलं हे मोठं. माघार म्हणजे झाडावर फिरायची रीत आणि छाटणी म्हणजे झाडच लहान करणं, हे पटलं. पण 17 नोड म्हणजे 17 तपासण्या नव्हेत ना?

पद्मजा
नव्हेत. शेवटच्या पातळीचे दोन सोडले तर 15 नोडांवर चार-चार घरं तपासली जातात, म्हणजे 60 तपासण्या. त्यातून 16 वजीर बसले, 44 नाकारले. तपासणीही फुकट नसते, म्हणून छाटणीचा नियम स्वस्त हवा. नियम इतका जड झाला की झाड फिरण्यापेक्षा त्यालाच वेळ लागतो, तर नुकसान. चारच्या पटावर ते जाणवणार नाही. आठच्या पटावर मात्र पूर्ण झाड 1,91,73,961 नोडांचं आणि छाटलेलं 2,057 चं, तिथे हा खर्च सहज परवडतो.

ओंकार
आता 17 आले, आभार! एक शंका. 1 नंतर 3 ठेवला की तिसरी ओळ पूर्ण बंद होते, हे वजीर ठेवतानाच दिसतं. तिथेच नाकारलं तर?

पद्मजा
करता येतं. प्रत्येक वजिरामागे खालच्या ओळींत किती घरं मोकळी राहिली हे बघायचं, एक जरी ओळ रिकामी पडली तर तो वजीर नाकारायचा. मग 1-3 हा नोड झाडात येतच नाही. 1-4 मात्र सुटतो, कारण तिसऱ्या ओळीत 2 आणि चौथ्या ओळीत 3 अजून मोकळे दिसतात. ती दोन घरं एकमेकांच्या तिरक्या रेषेत आहेत हे कळायला आणखी एक पाऊल खाली जावं लागतं.

मंजिरी
मग आरशातल्या प्रतिमेला काय म्हणू? 3-1-4-2 ही 2-4-1-3 चीच उलटी बाजू आहे. पहिल्या ओळीत फक्त 1 आणि 2 तपासले तर झाड 9 नोडांवर येतं. ही छाटणीच ना?

सुहास
माझ्या हिशेबाने छाटणीच. झाड लहान झालं की नाही?

पद्मजा
मी नाही म्हणणार. छाटणीत उत्तर असूच शकत नाही अशी फांदी जाते. इथे तर खरं उत्तर असलेली फांदी टाकली आणि मागाहून ते आरशातून परत मिळवलं. मी याला ‘सममितीची बचत’ म्हणते.

घोडेस्वार
पाचचा पट घेतला तर मधल्या स्तंभाचं काय करणार? तो आरशात स्वतःवरच पडतो.

पद्मजा
चांगला मुद्दा काढलात. पहिला वजीर मधल्या स्तंभात असेल तेव्हाच्या मांडण्या दुप्पट करायच्या नाहीत, त्या वेगळ्या मोजायच्या. तरीही ‘छाटणी’ हा शब्द मी इथे वापरणार नाही.

सुहास
मी वापरणार 🙂