जॉइनिंग पुढे ढकललं, राजीनामा तर देऊन बसलेय. उत्तर काय पाठवू?

सावली: ऑफर स्वीकारली, राजीनामा दिला, नोटीसचे १२ दिवस उरलेत. १ तारखेला जॉइनिंग होतं. काल नव्या कंपनीचा मेल आला: 'प्रोजेक्ट लांबल्याने जॉइनिंग साधारण ६ आठवडे पुढे जाईल, संमती कळवा.' काय लिहू?

तिरकस: 'चालेल' लिही आणि मोकळी हो. आत्ताच पैशांची भाषा केलीस तर ऑफरच जायची.

जुना एचआर: 'चालेल' लिहिलंत की तारीख तुमच्या संमतीने बदलली, असा त्याचा अर्थ निघतो. मग भरपाई कोणत्या तोंडाने मागणार? शिवाय 'साधारण ६ आठवडे' ही तारीखच नव्हे. फोनवर काही कबूल करू नका, मेलच करा:

> ऑफर लेटरमधली १ तारीख धरून मी राजीनामा दिला असून ३० तारीख माझा शेवटचा दिवस आहे. ऑफर मला मान्य आहे आणि १ तारखेला रुजू व्हायला मी तयार आहे. नव्या तारखेला मात्र मी अजून संमती दिलेली नाही. निश्चित तारखेचं सुधारित ऑफर लेटर शुक्रवारपर्यंत पाठवावं आणि मधल्या काळातल्या पगाराबद्दल कंपनीची भूमिका कळवावी. तोपर्यंत मी इतर संधींचाही विचार करेन.

पूर्ण पगार बहुधा देत नाहीत. पण थोडा जॉइनिंग बोनस, किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली आधी रुजू करून घेणं, हे मागणाऱ्याला मिळताना पाहिलंय.

सुमेध: नोटीस बायआउटचे पैसे मागा ना सरळ.

सावली: बायआउट नाहीये हो, नोटीस मी पूर्ण करतेय.

मेघना: माझी तारीख दोनदा ढकलली आणि तिसऱ्या मेलमध्ये पोस्टच रद्द. परत जुन्या मॅनेजरकडे गेले तर माझ्या जागी माणूस आलेला. आजच विचार, शेवटचा दिवस पुढे नेता येईल का.

जुना एचआर: विचारा, पण ते बांधील नाहीत. हँडओव्हर संपायच्या आत विचारलंत तर शक्यता जास्त. मुदत मिळाली तर नुकसान तेवढं कमी, मग भरपाईही तेवढीच कमी मागायची.

तिरकस: आणि ऑफर लेटरमध्ये तारीख बदलण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला असेल तर?

सावली: आहे तशी ओळ. आत्ता पाहिली. 'व्यवसायाच्या गरजेनुसार' वगैरे.

जुना एचआर: मग पगाराचं वाक्य विनंतीच्या सुरात लिहा, हक्काची भाषा टिकणार नाही. निश्चित तारीख मागायला मात्र ती ओळ आड येत नाही.

तिरकस: 'इतर संधी' तरी काढ. धमकी वाटते ती.

मेघना: राहू दे. मी गप्प बसले म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा ढकलताना साधा फोनही केला नाही.

जुना एचआर: वाक्य काढलंत तरी चालेल, अर्ज करणं थांबवू नका.