मुलाखतीत ‘लग्न झालंय का, मुलं किती’ विचारायचं की नाही?

मांजलपूरची: बडोद्यातल्या आमच्या कारखान्यात काही जण नव्यानेच मॅनेजर झालेत. मुलाखतीत काय विचारू नये, यावर त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलायचंय. शिफ्टच्या कामाला बायकांना ‘लग्न झालंय का, मुलं किती’ हे सगळेच विचारतात. ते बंद करायला सांगू का?

अलकापुरीकर: उगाच घाबरवू नका. खाजगी कंपनीने हे विचारू नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? रात्री दहा ते सहाची शिफ्ट आहे. घरी तान्हं मूल असेल तर बाई महिन्याभरात सोडून जाते, ते आधीच कळलेलं बरं.

दांडियाबाजार: अर्धं खरं आहे. प्रश्नावर बंदी नाही, पण बाई म्हणून भरतीत डावलण्यावर आहे. आधी 1976 च्या समान वेतन कायद्यात होती, आता वेतन संहितेत आहे. ‘दोन लहान मुलं’ असा शेरा फॉर्मवर लिहून तिला नाकारलंत, तर तोच कागद तुमच्याविरुद्ध पुरावा. पुरुष उमेदवारांना तेच विचारलं नसेल तर सांगायला काही उरतच नाही. आयुर्विमा महामंडळाच्या अर्जात गरोदरपणाचे आणि मासिक पाळीचे रकाने होते. ते खोटे भरले म्हणून एका बाईंना काढलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि असे रकाने काढून टाकायला सांगितलं. नीरा माथुर खटला, 1991 चा.

ताई, मॅनेजरांना एकच वाक्य पाठ करायला द्या: ‘तीन आठवड्यांतून एक आठवडा रात्री दहा ते सहा काम असतं, जमेल का?’ हे बाई-पुरुष सगळ्यांना सारख्याच शब्दांत विचारायचं आणि फॉर्मवर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायचं. तिने स्वतःहून मुलांचा विषय काढला तरी पुढे खोदायचं नाही, लिहायचंही नाही. पीएफ, ग्रॅच्युइटीच्या नामनिर्देशनासाठी घरच्यांची नावं लागतात, पण ती रुजू झाल्यावर.

अलकापुरीकर: बाईला रात्री कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते. मग घरचं विचारणं आलंच की!

दांडियाबाजार: संमती तिची लागते, नवऱ्याची किंवा सासूची नाही. निवड झाल्यावर लेखी घ्या, आणि सोबत गाडीची, सुरक्षेची सोय काय आहे ते तुम्ही सांगा.

वाडीतला: माझ्या भाच्याला आडनाव वाचून ‘मराठी का? मूळ गाव कुठलं?’ असं विचारलं आणि मग घेतलंच नाही. याची तक्रार कुठे करायची?

दांडियाबाजार: दादा, हा वेगळा मुद्दा आहे, आणि अवघडही. खाजगी नोकरीत जात, धर्म, भाषा यांवरून सरसकट मनाई करणारा कायदा नाही. म्हणून कंपनीच्या स्वतःच्या धोरणात ते लिहून घ्यावं लागतं. कामगारांशी बोलायचं असेल तर ‘गुजराती बोलता येतं का’ हे चालतं, गाव कशाला हवं?

अलकापुरीकर: सारखं वाक्य ठीक. पण ‘हो’ म्हणून महिन्यात सोडणाऱ्याचं काय करायचं, ते अजून कुणी सांगितलं नाही.

मांजलपूरची: तसे तर पुरुषही सोडतात हो. जुने फॉर्म काढून पाहते, ‘वैवाहिक स्थिती’चा रकाना छापलेलाच आहे. आधी तो काढायला सांगते.