मदत हवी आहे: सातव्या स्थानी नीच सूर्य, वडील, नोकरीतला निर्णय (जरा तातडीचं)

मृण्मयी_के:
नमस्कार. माझ्या पत्रिकेत सूर्य सातव्या स्थानी तुळेत, म्हणजे नीचेचा आहे. घरातल्या एका काकांनी पत्रिका बघून सांगितलं की यामुळेच वडिलांचं सुख नाही, वरिष्ठांपुढे तोंड उघडत नाही आणि आत्मविश्वास कधी येणार नाही. त्यांनी सव्वापाच रत्तीचं माणिक सोन्यात घालायला सांगितलंय. सोमवारपर्यंत मला कामावर एका गोष्टीला हो किंवा नाही कळवायचंय. नीच सूर्यावर अधिकाराची जागा झेपते का? माणिक घालावं का? कृपया लवकर सांगा.

सुलभा_नाशिक:
मृण्मयीताई, सप्तमातला सूर्य म्हणजे जोडीदार मानी आणि तापट. लग्न ठरवताना घाई करू नका, अठ्ठाविशीनंतरच करा. माझ्या नणंदेचा असाच सूर्य आहे, फार सोसलं तिने. रविवारी मीठ सोडा.

मृण्मयी_के:
सुलभाताई, लग्न होऊन चार वर्षं झाली, सगळं छान आहे. प्रश्न वडील आणि नोकरीबद्दल आहे.

दशमस्थ:
जन्मतारीख, वेळ, गाव आणि लग्नरास दिल्याशिवाय कोणी काही सांगू नये. कामावरचा निर्णय नेमका कसला? वडिलांचं सुख नाही म्हणजे काय, ते हयात आहेत का, मतभेद आहेत का?

मृण्मयी_के:
२९ ऑक्टोबर १९९६, ८:४०, चिपळूण. वडील आहेत, देवाच्या दयेने उत्तम आहेत. लग्नरास कुठे बघायची?

स्वप्नील_ज:
८:४० सकाळी की रात्री?

मृण्मयी_के:
सकाळी. आई म्हणते, शाळेची घंटा झाली आणि मी झाले.

दशमस्थ:
मग सूर्य सातव्यात असणं शक्यच नाही. हा पडताळा कुणालाही पत्रिका न मांडता करता येतो. सूर्योदयाला सूर्य लग्नी असतो, माध्यान्ही दशमात, सूर्यास्ताला सप्तमात आणि मध्यरात्री चतुर्थात. सप्तमातला सूर्य हवा तर जन्म मावळतीच्या सुमाराला हवा. सकाळी उजाडून दोन तास झाल्यावर तो व्ययात किंवा फार तर लाभात सापडेल.

तुमच्या काकांनी बहुधा चौकटीतला ७ हा आकडा स्थानाचा समजून वाचलाय. आपल्याकडच्या चौकोनी कुंडलीत आकडे राशींचे असतात. ७ म्हणजे तूळ रास. स्थान मोजायचं ते वरच्या मधल्या घरापासून डावीकडे. तुमच्या कागदावर वरच्या मधल्या घरात कोणता आकडा आहे?

मृण्मयी_के:
८ आहे. आणि सूर्य त्याच्या उजवीकडच्या, वरच्या कोपऱ्यातल्या घरात. तिथे ७ लिहिलंय.

दशमस्थ:
म्हणजे वृश्चिक लग्न आणि सूर्य बाराव्यात. त्या दिवशी चिपळूणला साडेसहानंतर पाच-एक मिनिटांत सूर्य उगवला असेल, सूर्य तुळेच्या बाराव्या अंशात. आठच्या सुमारापर्यंत तूळ लग्न, मग सव्वादहाच्या आसपासपर्यंत वृश्चिक. ८:४० ही वेळ बरीच आत आहे, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी लग्न बदलत नाही. हेच रात्रीचं ८:४० असतं तर वृषभ लग्न येऊन सूर्य षष्ठात गेला असता आणि सगळं वाचन बदललं असतं. म्हणून स्वप्नीलचा प्रश्न महत्त्वाचा होता.

आता वडिलांविषयी सांगा. लहानपणी घरी होते का?

मृण्मयी_के:
नाही. मी दीड वर्षाची असताना मस्कतला गेले, मी कॉलेजात गेल्यावर परतले. वर्षातून एकदा महिनाभर यायचे. भांडण कधीच नाही, पण समोर बसून काही मागायचं, सांगायचं म्हटलं की आजही मला आईला मध्ये घालावं लागतं. निर्णय असा: मी पुण्यात एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. विभागाची इन्चार्ज म्हणून विचारलंय. काम मला येतं, पण व्यवस्थापनाच्या बैठकीत बोलायचं म्हटलं की घसा बसतो.

नाशिककर_विनू:
वाईट वाटून घेऊ नका, पण स्पष्ट सांगतो. व्ययातला नीच सूर्य हा पितृदोषच. नीचभंगही होत नाही, कारण तुळेचा स्वामी शुक्र केंद्रात हवा आणि तो तुमच्या लाभात कन्येत, स्वतःच नीचेचा आहे. चंद्र वृषभेत, तिथूनही शुक्र पाचवा, म्हणजे केंद्र नाही. अधिकारपद टिकणार नाही. माणिक घालाच.

दशमस्थ:
विनूभाऊ, शुक्राचं तुमचं गणित बरोबर आहे, पण तो नीचभंगाचा एकच मार्ग झाला. सूर्य ज्या राशीत उच्चीचा होतो ती मेष, तिचा स्वामी मंगळ. तोही लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात असला तर नीचभंग धरतात. मृण्मयींचा मंगळ सिंहेत आहे, लग्नापासून दहावा आणि वृषभेच्या चंद्रापासून चौथा. दोन्हीकडून केंद्रात. शिवाय तो लग्नेश आहे, दशमात त्याला दिग्बल मिळतं आणि धनस्थानातल्या स्वराशीच्या गुरूची नववी दृष्टी त्याच्यावर आहे. सूर्याचा परमनीच अंश तुळेचा दहावा, तोही इथे ओलांडून झालाय.

नाशिककर_विनू:
एका अटीवर नीचभंग मानायचा तर निम्म्या जगाचा होईल. माझे गुरुजी किमान दोन अटी मागायचे. आणि नीचभंग झाला म्हणजे ग्रह उच्चीचा झाला असं नाही.

दशमस्थ:
दुसरं वाक्य शंभर टक्के मान्य. नीचभंगाने सूर्य उच्चीचा होत नाही, आधी अडचण दाखवतो आणि मग वाट देतो. अटी किती हव्यात यावर परंपरांमध्ये एकमत नाही, त्यामुळे तुमच्या गुरुजींना चूक म्हणणार नाही.

मृण्मयी, मी कसं वाचतो ते सांगतो. वृश्चिक लग्नाला दशमात सिंह येते, म्हणजे तुमचा सूर्य नुसता वडिलांचा कारक नाही, तो कर्मस्थानाचा मालकही आहे. तो बाराव्यात गेला. बारावं स्थान परदेश, रुग्णालय, पडद्यामागचं काम आणि नजरेआडची माणसं यांचं. वडील मस्कतला आणि तुम्ही रुग्णालयात, तेही भिंतीआडच्या प्रयोगशाळेत. एकच सूर्य दोन्हीकडे बोलतोय. यात वडिलांचं प्रेम कमी होतं असं मी मुळीच वाचत नाही. अधिकारी माणसासमोर रोज उभं राहायचा सराव घरात मिळाला नाही, एवढं वाचतो. बैठकीत बसणारा घसा मला तिथलाच वाटतो.

पण मालक बाहेरगावी असताना त्याच्या घरात मंगळ राहतोय. प्रत्यक्ष कामात, आणीबाणीत, हाताखालच्या माणसांना सूचना देताना तुम्ही डगमगत नसणार. बरोबर?

मृण्मयी_के:
बरोबर. रात्री अपघाताच्या केसेस आल्या की सगळे माझ्याकडे बघतात, तेव्हा मला काहीच वाटत नाही. गडबड होते ती फक्त वरच्या लोकांसमोर.

अस्मिता_ठाणे:
माझा सूर्य लग्नी, मेषेत उच्चीचा. सगळे म्हणतात राजयोग. वडील लष्करात होते, घरात त्यांचाच शब्द. मी पस्तिशीपर्यंत स्वतःचा एक निर्णय घेतला नाही. मग या स्थानांना अर्थ काय? आणि माझ्या भावाचा सूर्य अष्टमात आहे, वडील तर तेच. त्याचं आणि बाबांचं मेतकूट आहे.

दशमस्थ:
तुमचा प्रश्न योग्य आहे. वडील एकच असले तरी प्रत्येक मुलाच्या पत्रिकेत सूर्य वेगळ्या स्थानी असतो. म्हणून मी सूर्यावरून वडील कसे आहेत हे सांगत नाही. त्या मुलाला ते कसे भेटले, एवढंच बघतो. लग्नीच्या उच्च सूर्यात वडिलांचं तेज इतकं जवळ असतं की स्वतःचं दिसायला वेळ लागतो. भावाच्या अष्टमाबद्दल त्याचा अष्टमेश बघितल्याशिवाय बोलणार नाही.

स्वप्नील_ज:
पण वडील दशमावरून का? आमच्याकडे नवमावरून बघतात. नवमात कर्क येते, स्वामी चंद्र, तो सप्तमात वृषभेत उच्चीचा. त्या हिशेबाने वडिलांचं सुख उत्तम!

नाशिककर_विनू:
नवम दक्षिणेत. महाराष्ट्रात बहुतेक जण दशमच बघतात. चतुर्थ आईचं, त्याच्या समोरचं वडिलांचं.

स्वप्नील_ज:
माझे आजोबा पंढरपूरचे, तेही नवमच बघायचे. नवम हे पंचमापासून पाचवं. आपण ज्यांची संतती, ते वडील.

दशमस्थ:
मी दोन्ही बघतो आणि जे दोन्हीकडून येतं तेवढंच ठामपणे बोलतो. इथे सूर्य दुरावा सांगतो आणि उच्चीचा चंद्र माया सांगतो. त्यांनी स्वतः लिहिलेलंही तसंच आहे, भांडण नाही आणि बोलणंही नाही. यासाठी वेगळा धागा काढूया का?

सुलभा_नाशिक:
साडेसाती चालू आहे का ते बघा आधी. वृषभ राशीला कधी लागते?

स्वप्नील_ज:
वृषभेला शनी मेषेत गेला की लागेल, आत्ता नाही.

मृण्मयी_के:
माणिकाचं काय? काका उद्या सराफाकडे चला म्हणतायत.

नाशिककर_विनू:
घाला. दशमेश आहे सूर्य, बळ मिळालंच पाहिजे. तीन दिवस उशाखाली ठेवून बघा आणि मग घाला.

दशमस्थ:
मी थांबायला सांगेन. काकांनी हा सल्ला सप्तमातला सूर्य धरून दिलाय, तो आधारच गेला. विनूभाऊ म्हणतात तसा तो दशमेश आहे, पण बसलाय व्ययात. माणकाने ग्रहाला बळ दिलं तर तो बसलाय त्या स्थानालाही बळ देतो. व्ययातल्या ग्रहाचं रत्न मी अंगावर घालायला सांगत नाही. सकाळी सूर्याला अर्घ्य द्या, आदित्यहृदय जमलं तर म्हणा, खर्च काही नाही. आणि सोमवारपूर्वी वडिलांना स्वतः फोन करून, आईला मध्ये न घालता, ही नोकरीची गोष्ट सांगा. माझ्या अनुभवात व्ययातल्या सूर्याला हा उपाय सगळ्यात लवकर लागू पडतो.

पद घ्यायचं का हे पत्रिका ठरवत नाही. एवढं मात्र सांगतो, या पत्रिकेत 'अधिकार झेपणार नाही' असं कुठेही लिहिलेलं नाही. व्यवस्थापनाला विचारा, बैठकीचा अहवाल आधी लेखी देता येईल का. लेखी दिलं की समोर बोलायचं थोडंच उरतं.

अस्मिता_ठाणे:
लेखी अहवालाचं मी माझ्या कार्यालयात करते, खरंच उपयोग होतो. मुद्दे तीनच ठेव आणि पहिला स्वतः वाचून दाखव.

मृण्मयी_के:
बाबांना आत्ता फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, 'आई कुठेय?' मग वीस मिनिटं बोललो. मस्कतला त्यांनाही सुपरवायझर केलं होतं आणि त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं होतं, हे मला आज कळलं. माणिक सध्या नाही. लेखी अहवालाचं उद्या विचारते. काकांना आकड्याचं कसं सांगायचं ते मात्र सुचत नाही, ते दुखावतील.

सुलभा_नाशिक:
काकांना काही सांगू नकोस गं, मोठे आहेत. अंगठी नंतर करू म्हण.

नाशिककर_विनू:
सांगायलाच हवं. ते उद्या आणखी कुणाची पत्रिका अशीच वाचतील. आणि दशमस्थ, नवम-दशमाचा धागा काढा, माझ्याकडे पाच पत्रिका तयार आहेत.