मदत हवी आहे: टायटल सिक्वेन्स ७० सेकंदांचा झालाय, कापू कुठे?

शाईडाग: सहा भागांची वेब सिरीज करतोय, बनावट सह्या करणाऱ्या कारकुनाची गोष्ट आहे. टायटलमध्ये ड्रोन शॉट, जिना, फायली, पात्रांचे चेहरे असं सगळं घातलं आणि १६ नावं, ७० सेकंद झाले. चार मित्रांना दाखवलं तर तिघांनी दुसऱ्या भागाला टायटल सरळ पुढे ढकललं. नावं भराभर पळवू का?

निवांत: नावं कोण वाचतं राव, सगळी शेवटी टाक आणि मोकळा हो.

कात्री: निवांत, अर्धं बरोबर. तांत्रिक टीम शेवटी चालते, पण मुख्य कलाकारांच्या करारात नाव सुरुवातीला, कितव्या नंबरला, हे लिहिलेलं असू शकतं, ते आधी बघा. आणि पळवू तर अजिबात नका. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर अडीच सेकंदांचं कार्ड म्हणजे ६२ फ्रेम, त्यात १२-१२ फ्रेमचे फेड गेले की नाव स्वच्छ दिसतं जेमतेम दीड सेकंद. नाव मनात दोनदा वाचून होईल एवढं तरी थांबायला हवं.

माझ्या मते ड्रोन न् चेहरे काढाच, चेहरे तर पुढे दिसणारच आहेत. नुसती निब, कागद, शाई, अगदी जवळून. ३ सेकंद कोरा कागद, मग चार मुख्य नावं ३-३ सेकंद, शेवटी ५ सेकंद सिरीजचं नाव, झाले २० सेकंद. उरलेली १२ पहिल्या सीनवर, जिथे कोणी बोलत नाही तिथे, आणि तळाला नको, सबटायटलवर बसतील.

रोलवाली: माझी शेवटची नावं वर सरकताना थरथरतात, त्याचं काय?

कात्री: वेगळा प्रश्न आहे, पण दर फ्रेमला पूर्ण पिक्सेल सरकतील असा वेग ठेवून बघा, दीड पिक्सेल वगैरे नको.

शाईडाग: २० सेकंदांचं करून बघितलं, खरंच अंगावर येतं! पण अक्षरं हळूहळू लांब जातात तो इफेक्ट लावला तर शिरोरेषाच तुटली, प्रत्येक अक्षर सुटं लोंबतंय.

कात्री: ट्रॅकिंग वाढवलं असणार. रोमन अक्षरांना ते शोभतं, देवनागरीत रेघ फाटते. ट्रॅकिंग शून्यावर आणा आणि अख्खं नाव १०० वरून १०४ टक्क्यांपर्यंत सावकाश मोठं करा, तसाच ताण येतो. फाँट फार बारीक नको, मोबाईलवर जोडाक्षरं गिचमिड दिसतात.

निवांत: टायटलच्या आधी एखादा सीन टाक की, पहिली खोटी सही दाखव आणि मग शाई.

शाईडाग: हे आवडलं. आता भांडण एकच उरलंय, दिग्दर्शक म्हणतो शेवटचं कार्ड माझं, निर्मातेही तेच म्हणतायत.

कात्री: रिवाज दिग्दर्शकाचा आहे, पण सिरीजमध्ये सहा भागांचे दिग्दर्शक वेगवेगळे असले तर मीही दोनदा अडकलेय. एकच आहे का?

शाईडाग: दोघं आहेत 😅